तेराव्या किलोमीटरची शुगर पावणेपाचच्या नाश्त्यालाच ठरते

प्रश्न: डॉक्टर, मी 38 वर्षांची, पुण्यात राहते. टाइप 1 डायबिटीस होऊन 14 वर्षं झाली. रात्री 10 ला ग्लार्जिन 18 युनिट आणि जेवणाआधी अ‍ॅस्पार्ट, दोन्ही पेननं घेते. दंडाला सेन्सर आहे. जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. रविवारी पहाटे उठते तेव्हा शुगर 150 च्या आसपास असते. पावणेपाचला ब्रेडचे दोन स्लाइस जॅम लावून खाते, त्याला नेहमीचे 4 युनिट घेते आणि साडेपाचला 16 किलोमीटर पळायला सुरुवात करते. साधारण साडेसात मिनिटांना एक किलोमीटर होतो. गेल्या रविवारी निघताना 190 होती, वाटेत काही खाल्लं नाही, तेराव्या किलोमीटरला हातपाय थरथरायला लागले. सेन्सरवर 95 दिसत होती, बोटातून 62 आली. त्याआधीच्या रविवारी भीतीनं इन्सुलिनच घेतलं नव्हतं, तर निघतानाच 290. शिवाय लांब पळाले की त्या रात्री तीनच्या सुमारास हमखास लो होते. नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर: चूक तेराव्या किलोमीटरला झालेली नाही. ती पावणेपाचला घेतलेल्या 4 युनिटमध्ये आहे. तुम्ही दोन्ही रविवारचे आकडे नीट टिपून ठेवलेत हे फार बरं झालं, कारण उत्तर त्यातूनच निघतं.

डायबिटीस नसलेला माणूस पळायला लागला की काही मिनिटांत त्याच्या रक्तातलं इन्सुलिन आपोआप खाली येतं. त्यामुळे लिव्हर साठवलेलं ग्लुकोज मोकळेपणानं सोडतं आणि स्नायू जेवढं ओढतात तेवढं भरून निघतं. आपण टोचलेलं इन्सुलिन मात्र त्वचेखालून आपल्या चालीनं रक्तात येतच राहतं. तुम्ही पळताय म्हणून ते थांबत नाही आणि परतही घेता येत नाही. पळणारे स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोज ओढू शकतात. त्यात हे जास्तीचं इन्सुलिन त्यांना आणखी ओढायला लावतं, आणि तिकडे लिव्हरचा हात धरून ठेवतं. शुगर दोन्ही बाजूंनी पडते.

आता तुमची वेळ बघा. अ‍ॅस्पार्टचा जोर साधारण तासा-दीड तासानं सर्वात जास्त असतो आणि परिणाम तीन ते पाच तास टिकतो. पावणेपाचला घेतलेला डोस सहा-सव्वासहाला भरात आला, म्हणजे नेमका तुमच्या पळण्याच्या पहिल्या तासात. तेरावा किलोमीटर सातच्या पुढे येतो. तोवर जॅम-ब्रेड पचून संपलेलं असतं आणि इन्सुलिन मात्र अजून शिल्लक असतं.

म्हणून इन्सुलिन अजिबात घ्यायचं नाही, हाही उपाय नव्हे, ते तुम्ही करून पाहिलंतच. पण त्या 290 मधून एक उपयोगाची गोष्ट कळते. दोन स्लाइस आणि जॅम मिळून साधारण 35 ग्रॅम कर्बोदकं होतात. इन्सुलिन नसताना त्यांनी तुमची शुगर 150 वरून 290 वर नेली, म्हणजे 140 नं वाढवली. एका ग्रॅमला सुमारे 4. हा आकडा अगदी काटेकोर नाही, पहाटेच्या हार्मोन्सचाही त्यात थोडा हात असतो, पण हिशेबाला पुरेसा आहे. गेल्या रविवारी तुम्ही 190 वरून 62 वर आलात, म्हणजे 128 नं खाली. 128 ला 4 नं भागलं की 32. त्या दीड तासात शुगर नुसती जागेवर राहायलाही तुम्हाला तीसेक ग्रॅम कर्बोदकं कमी पडली. तीही तेराव्या किलोमीटरपर्यंतच. हाफ मॅरेथॉनमध्ये त्यापुढे आणखी 8 किलोमीटर असतात.

ही तूट दोन ठिकाणी वाटायची: थोडी इन्सुलिन कमी करून, थोडी वाटेत खाऊन. पळण्याआधी तास-दीड तासात जे खातो त्याचं इन्सुलिन, मध्यम गतीनं तासभर किंवा जास्त पळायचं असेल तर, नेहमीच्या डोसमधून 75 टक्क्यांपर्यंत कमी करतात. तुमच्या 4 युनिटचं 1 युनिट होतं. जॅम लावलेल्या दोन स्लाइसना 1 युनिट, आणि ते पोटावर टोचा, मांडीवर नको. पळताना मांडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि तिथलं इन्सुलिन लवकर ओढलं जातं. एवढ्यावर निघताना शुगर गेल्या रविवारच्या 190 पेक्षा वर, पण 290 पेक्षा खाली दिसेल असा माझा अंदाज आहे. ती बघून घाबरून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायला जास्तीचं इन्सुलिन, घेऊ नका. पहिल्या पाऊण तासात ती आपोआप उतरते. हे आकडे फक्त दिशा दाखवतात, डोस तुमच्या डॉक्टरांनी मंजूर करायचा. ते काय विचारतील ते पुढे लिहितो.

ग्लार्जिनला पहिल्या फेरीत हात लावू नका. आदल्या रात्रीचं ग्लार्जिन कमी करणारे आहेत, पण तुमची पहाटेची शुगर आधीच 150 आहे. ते कमी केलंत तर दिवसाची सुरुवातच वरून होईल आणि कशामुळे काय झालं ते कळणार नाही. एका रविवारी एकच गोष्ट बदला.

वाटेत काय आणि केव्हा

तासाभराहून लांब पळताना, इन्सुलिन कमी केलेलं असेल तरी, तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. तुमच्यासाठी मी तासाला 30 नं सुरुवात करेन. पळायला लागल्यापासून पंचविसाव्या मिनिटाला 10 ग्रॅम, मग दर 20 मिनिटांनी 10. भूक लागो न लागो, शुगर 170 दिसो वा 140, घड्याळ वाजलं की खायचं.

या शेवटच्या वाक्यावर मी अडून बसतो, त्याचं कारण माझ्याकडच्या एका धावणाऱ्याच्या वहीतलं एक पान. हे गृहस्थ बँकेत आहेत, टाइप 1 आहे, तुमच्याच गतीनं पळतात. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवतात, आणि त्या दिवशीच्या पानावर घामानं शाई फुटलेली होती. उठताना 142, नाश्त्याला 1 युनिट, साडेपाचला 188. सहाला 181. साडेसहाला 165, सेन्सरवर बाण आडवा. पावणेसातचा घास त्यांनी वगळला. पुढे लिहिलंय, ‘165 आहे, कशाला?’ सातला 118, बाण खाली. तिथे थांबून 20 ग्रॅम घेतले, दहा मिनिटं चालले, साडेसातला 124 वर संपवलं. लो झाली नाही, पण एक घास वगळल्याची किंमत अर्ध्या तासात 47 इतकी पडली. पोटातला घास रक्तात यायला दहा-पंधरा मिनिटं जातात. शुगर पडताना दिसेपर्यंत थांबलात तर तेवढ्या वेळात ती आणखी पडलेली असते.

खायला सर्वात सोपी आणि स्वस्त गोष्ट म्हणजे साधी ग्लुकोज पावडर. चमच्यानं मोजू नका, माझा चमचा आणि तुमचा चमचा वेगळा असतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर 10-10 ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवा आणि पाण्याच्या घोटाबरोबर घ्या. एनर्जी जेल चालतं, त्याच्या पाकिटावर कर्बोदकं किती ते वाचून घ्या. मऊ खजूरही बरा, पण एका खजुरात किती कर्बोदकं ते त्याच्या आकारावर अवलंबून असतं, म्हणून तोही बिया काढून एकदा वजन करून बघा. चिक्की आणि शेंगदाण्याचा लाडू पळताना नको. त्यातल्या तेलामुळे साखर हळू चढते. पळून झाल्यावर खायला दोन्ही उत्तम.

ओआरएसबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज असतं फक्त साडेतेरा ग्रॅम. वाटेत 200 मिलिलिटरचा ग्लास प्यालात तर तुमच्या पोटात तीन ग्रॅमही जात नाही. घामातून गेलेलं मीठ-पाणी भरायला ते चांगलं आहे, लो झालेली शुगर वर आणायला अजिबात नाही. ‘ओआरएस प्यायले तरी लो झाली’ असं सांगणारे मला दर सीझनला भेटतात. पाण्यात टाकायच्या इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्यांत बहुतेक वेळा साखर जवळजवळ नसतेच.

सेन्सर 95, बोट 62

सेन्सर बिघडलेला नव्हता. तो रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखाली पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. रक्तातली साखर तिथे पोचायला वेळ लागतो. स्वस्थ बसलेलं असताना हा फरक थोडा असतो. पळताना शुगर वेगानं बदलत असली की तो दहा-पंधरा मिनिटांपर्यंत जातो. तुमची सेन्सरवरची 95 ही तुमची पंधरा मिनिटांपूर्वीची शुगर होती.

त्यामुळे पळताना सेन्सरच्या आकड्यापेक्षा बाण जास्त महत्त्वाचा. 120 आणि आडवा बाण असेल तर ठरलेला घास घ्या. 120 आणि खाली बाण असेल तर दुप्पट घ्या आणि गती कमी करा. अंगाला काही जाणवलं, म्हणजे थरथर, ओठ बधिर, अचानक चिडचिड, पावलं वेडीवाकडी, तर सेन्सर काहीही म्हणो, थांबा आणि बोटातून बघा. अलार्म नेहमी 70 ला लावलेला असतो; लांब पळण्याच्या दिवशी तो 100 वर आणून ठेवा.

बोटाची तपासणीही फसवते, आणि धोकादायक बाजूनं फसवते. जेल किंवा ग्लुकोज पावडर हाताळलेल्या बोटातून थेंब काढला तर मीटर त्या चिकट साखरेसकट मोजतो. खरी शुगर 65 असताना मीटरवर 180 दिसू शकते, आणि माणूस खायचं सोडून पुढे पळतो. सॅनिटायझरनं पुसलं की साखर जाईलच असं नाही. बाटलीतलं साधं पाणी बोटावर ओता, कोरडं करा, पहिला थेंब पुसून टाका, दुसरा घ्या. पावडर उजव्या हातानं खायची, तपासायला डावा हात, अशी सवय लावलीत तर आणखी बरं.

निघायचं की नाही, थांबायचं कधी

निघताना शुगर 126 ते 180 च्या मध्ये असणं सर्वात सोयीचं. 90 च्या खाली असेल तर 10 ते 20 ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि वर येईपर्यंत निघू नका. 90 ते 125 मध्ये असेल तर 10 ग्रॅम घेऊन निघा. वर 270 पर्यंत निघायला हरकत नसते.

270 च्या वर असेल तर ती का वर गेली हे आधी शोधा. इन्सुलिन कमी घेऊन नुकतंच खाल्लंय आणि उठताना 150 होती, तर कारण समोर आहे. पण रात्रभरच वर असेल, पेनची सुई वाकली होती की काय अशी शंका असेल, मळमळ असेल, तर किटोन तपासा. रक्तातले किटोन 1.5 किंवा त्याहून जास्त असतील, किंवा लघवीच्या पट्टीवर मध्यम किंवा जास्त दिसले, तर त्या दिवशी पळायचं नाही. इन्सुलिन कमी पडलेल्या शरीरात पळण्यानं शुगर उतरत नाही, उलट चढते आणि किटोन वाढतात. ताबडतोब डॉक्टरांना फोन करा.

आदल्या 24 तासांत दुसऱ्याची मदत लागावी इतकी मोठी लो झाली असेल तर रविवार सोडून द्या. मोठ्या लो नंतर पुढची लो शरीराला नीट कळत नाही, आणि अंगाला येणारी थरथर हीच आपली सूचना असते.

वाटेत 70 च्या खाली आली तर थांबा, 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, 15 मिनिटांनी बोटातून परत बघा. 100 च्या आसपास येऊन स्थिर झाली तर सावकाश चालू करा. 54 च्या खाली गेली असेल तर वर आली तरी त्या दिवशी पळणं संपलं, रिक्षा करून घरी जा. म्हणूनच पट्ट्यात पुड्या ठरलेल्यापेक्षा दोन-तीन जास्त, थोडे पैसे आणि फोन हवाच.

रात्री तीनची लो

लांब पळण्यानं स्नायूंतला साठा रिकामा होतो आणि तो भरायला पुढचे 24 तास, कधी त्याहून जास्त वेळ ते रक्तातून ग्लुकोज ओढत राहतात. त्या काळात तेच इन्सुलिन जास्त काम करतं. रात्री आपण काही खात नाही, ग्लार्जिन मात्र नेहमीचंच चालू असतं, आणि झोपेत लो लवकर जाणवत नाही.

मला एक शंका आहे: पळून आल्यावर शुगर वर दिसते म्हणून तुम्ही नाश्त्याला नेहमीचा डोस आणि वर करेक्शन घेत असाल. पळून थांबल्यावर शुगर तासभर वर जाऊ शकते, ती पुष्कळदा आपली आपण खाली येते. पळून आल्यावरच्या पहिल्या खाण्याचं इन्सुलिन निम्मं घ्या आणि करेक्शन दोन तास थांबून ठरवा. रविवारी रात्री ग्लार्जिन 20 टक्के कमी, म्हणजे 18 ऐवजी 14 युनिट. सोमवारी परत 18. झोपताना 120 च्या खाली असेल तर दूध-पोळी किंवा दुधाबरोबर दोन बिस्किटं, इन्सुलिनशिवाय. पहिल्या दोन-तीन रविवारी रात्री 3 चा गजर लावून बघाच. घरात जो शेजारी झोपतो त्याला दाखवून ठेवा की शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं आणि लगेच 108 ला फोन करायचा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात ठेवायचं का, हेही डॉक्टरांना विचारा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी ग्लार्जिनऐवजी डेग्लुडेक घेत असेल तर एक लक्षात ठेवा. ते इतकं सावकाश उतरतं की एका रात्रीचा डोस कमी करून त्याच रात्री फरक पडत नाही. त्यांना वेगळं नियोजन लागतं, बहुधा जेवणाच्या इन्सुलिनमधून.

मुंबईचा दिवस वेगळा असतो

पुण्यात तुम्ही खाऊन पाऊण तासात पळायला लागता. मुंबईत लवकर पोचावं लागतं, सामान द्यायचं, रांगेत उभं राहायचं. खाणं आणि सुरुवात यांत दोन तास सहज जातात. म्हणजे 1 युनिटचा हिशेबच बदलतो. मी सांगेन की घरून निघताना थोडं खा, त्याला कमी इन्सुलिन घ्या, आणि सुरुवातीआधी वीस मिनिटं 10-15 ग्रॅम इन्सुलिनशिवाय घ्या. हेच डिसेंबरमधल्या दोन रविवारी पुण्यात करून बघा, दोन तासांचं अंतर ठेवून.

दुसरं, त्या गर्दीत आणि उत्साहात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि रोज 180 असणारी शुगर 240 दिसते. तिथे करेक्शन घेऊ नका. घेतलेले 2 युनिट बरोबर सी-लिंकवर गाठतात, आणि तिथे ना रिक्षा ना दुकान. बिबच्या मागच्या बाजूला टाइप 1, इन्सुलिन, घरचा फोन नंबर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना

‘मी पळू का?’ असा प्रश्न घेऊन गेलात तर बहुतेक वेळा ‘जपून पळा’ एवढंच उत्तर मिळतं. चार रविवारची वही घेऊन जा: उठतानाची, निघतानाची, दर अर्ध्या तासाची, संपतानाची, झोपतानाची आणि रात्री 3 ची शुगर, शेजारी किती खाल्लं आणि किती युनिट. त्यावर डॉक्टर डोसबद्दल नेमकं बोलू शकतात. 14 वर्षांच्या डायबिटीसमध्ये अंतर वाढवण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायांच्या संवेदना, किडनीच्या तपासण्या आणि ईसीजी झालेला हवा. ट्रेडमिल टेस्ट लागेल का ते तेच ठरवतील. पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या असतील तर आधी त्यांचा उपचार, मग पळणं.

टाइप 2 असलेल्यांसाठी थोडक्यात: फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर पळताना लो होण्याची शक्यता फारच कमी, दर 20 मिनिटांनी साखर खायची गरज नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर वरचा धोका तुम्हालाही आहे. लांब पळण्याच्या सकाळची गोळी कमी करायची का, हे विचारून ठरवा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांवर लघवीतून साखर आणि पाणी जातं, आणि शुगर फार वर नसतानाही किटोन वाढू शकतात. त्या लांब पळण्याच्या आधी थांबवायच्या का आणि किती दिवस, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

डॉक्टरांनी होकार दिला की येत्या रविवारी 16 नको, 10 किलोमीटरच पळा: 1 युनिट, पंचविसाव्या मिनिटापासून दर 20 मिनिटांनी 10 ग्रॅम, बाकी सगळं तेच. संपताना 180 च्या वर असेल तर पुढच्या वेळी पुडी 8 ग्रॅमची करा. 110 च्या खाली असेल तर 15 ची. आकडे आले की परत लिहा, आपण 16 चं बघू.